दहा वर्षांत कर्ब किती वाढला? एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "नांगरणी बंद केली की जमीन दबते. मग ३० सेंटीमीटरच्या नमुन्यात मातीच जास्त येते आणि कर्ब वाढल्याचा भास होतो. शिवाय खालचा थर तपासलेला नाही, तुलनेला नांगरलेला पट्टाही राखलेला नाही. ही वाचकांची दिशाभूल आहे."

शंका जरूर विचारा, पण 'दिशाभूल' हा आरोप झाला. तो करण्याआधी लेखातलं गणित तरी पाहायचं होतं.

जमीन दबते हे मला ठाऊक नाही, असं आपण कशावरून ठरवलंत? सुरुवातीला वरच्या ३० सेंटीमीटरमध्ये सेंद्रिय कर्ब ०.६० टक्के होता आणि मातीची घनता १.३० ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर. टक्केवारी, घनता आणि खोली यांचा गुणाकार केला की हेक्टरी २३.४ टन कर्ब येतो. दहा वर्षांनी ०.६८ टक्के आणि १.३८, म्हणजे २८.२ टन. वाढ ४.८ टन. मला आकडा फुगवायचाच असता तर इथेच थांबलो असतो.

पण सुरुवातीला त्या थरात हेक्टरी ३९०० टन माती होती, आता ४१४० टन आहे. ही २४० टन जादा माती खालून मोजमापात शिरलेली. तिच्यात कर्ब ०.५० टक्के, म्हणजे १.२ टन. तो वजा केला आणि मगच ३.६ टन वाढ लिहिली. तुमचा आक्षेप म्हणजे नेमकी ही वजाबाकी, आणि ती लेखात आहे!

घनतेचं माप मी स्वतः घेतो. वरचा पालापाचोळा हाताने बाजूला सारून लोखंडी कडं मातीत ठोकायचं, कडेची माती सुरीने सपाट छाटायची, १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायची. ओल फार असली तर ठोकतानाच माती दबते आणि घनता खोटी वाढते; असे नमुने मी फेकून देतो. आच्छादन पिकाची मुळं चाळणीतून सुटली तर तीही कर्ब म्हणून मोजली जातात, त्यामुळे दोन मिलिमीटरच्या चाळणीतून खाली उतरलेली बारीक मुळंही चिमट्याने वेचतो. इतकी वर्षं गुडघे मातीत टेकवून हे करणाऱ्याला आपण पहिला धडा शिकवताय.

एक मान्य: घनतेचे आकडे तळटीपेत नकोत, तक्त्यातच हवे होते. तसं करतो.

खालच्या थराचं म्हणाल तर तिथे एकाच शेतातल्या दोन खड्ड्यांत जितका फरक निघतो, त्यात दहा वर्षांचा बदल सहज बुडून जातो. आणि नांगरलेला पट्टा? शेत लहान आहे, साहेब. तुमच्याकडे राखलेला असेल तर त्याचे आकडे टाका, घनतेसकट.