मेल उघडला म्हणजे काम झालं असं नाही

आज ऑफिसात मेमो आला. ऑर्डर-डिस्पॅचच्या कॉमन मेलबॉक्सचे नवीन नियम. प्रत्येक मेलला एकच मालक, ठरलेल्याच कॅटेगरी आणि दर शुक्रवारी चार वाजता साफसफाई. दुपारपर्यंत ग्रुपवर टिंगल सुरू, आता मेल वाचायलाही ड्युटी लावली म्हणे. डोकंच फिरलं माझं. इंदूरचा ट्रक इतक्या लवकर विसरला का रे सगळे?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचं हळदीचं काम, कुपवाडला. इंदूरच्या गिऱ्हाईकाचा शनिवारी मेल आला की या खेपेला 50 किलोची पोती नकोत, 25 ची पाठवा, त्यांच्याकडं माल हातानं उतरवतात. आमच्यातल्या कुणीतरी तो मोबाईलवर उघडला. आता शेअर्ड मेलबॉक्सची गंमत अशी नाही की प्रत्येकाला आपापलं वाचलेलं-न वाचलेलं वेगळं दिसेल. एकानं उघडला की सगळ्यांकडं तो वाचलेला दिसतो, ठळक अक्षरं जातात. सोमवारी पाच जणांनी इनबॉक्स बघितला आणि पाचही जणांना वाटलं, कुणीतरी बघितलंय. ट्रक 50 किलोची पोती घेऊन गेला, तिकडनं परत आला, दोन्हीकडचं भाडं आपल्या अंगावर.

आणि खापर कुणावर फुटलं? डिस्पॅचच्या पोरीवर. कारण त्या गिऱ्हाईकाला आधीच्या मेलवर शेवटचं उत्तर तिचं होतं. तिनं हा मेल बघितलाच नव्हता, पण ते सिद्ध कसं करणार?

शोधायला बसलो तर मेलबॉक्समध्ये तो मेलच नाही. गिऱ्हाईक म्हणतंय तुमच्याकडनं 'ओके' असं उत्तरपण आलंय, ते आमच्या सेंटमध्ये नाही. शेवटी सगळं एका सिनियरच्या स्वतःच्या खात्यात सापडलं. आऊटलूकमध्ये मूळची सेटिंग तशीच असते, कॉमन पत्त्यावरनं उत्तर दिलं तरी प्रत पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या सेंटमध्ये जाते, आणि कॉमनमधला मेल डिलीट केला तर बऱ्याचदा तो डिलीट करणाऱ्याच्याच डिलीटेडमध्ये जाऊन पडतो. त्यांनी 'ओके' पाठवलं, गोदामात सांगायचं राहिलं, आणि नंतर कधीतरी इनबॉक्स मोकळा दिसावा म्हणून मेल उडवला. त्यांनी डिलीटेड फोल्डर रिकामा केला असता तर पुढं साधारण 14 दिवसच तो परत काढता आला असता, मग त्या पोरीच्या बाजूनं कागदाचा एक चिटोरापण राहिला नसता.

म्हणून सांगतोय, मालकीचा नियम बरोबर आहे. सकाळी ज्याची पाळी असेल त्यानं प्रत्येक नव्या मेलला एका माणसाच्या नावाची कॅटेगरी लावायची. एकाच माणसाच्या. दोन नावं लावली की पुन्हा तेच, हा म्हणतो तो करेल. सोबत स्थितीची एक कॅटेगरी, बाकी, उत्तराची वाट किंवा झालं. बास, एवढ्याच. मेमोत मालाच्या प्रकाराच्यापण कॅटेगरी दिल्यात, त्या काढा. रंगांची रांगोळी झाली की कुणी बघत नाही आणि गिऱ्हाईकाचं नाव तर सर्चमध्ये सापडतंच. कॅटेगरी मेलवरच बसते, त्यामुळं ती सगळ्यांना दिसते. शनिवारी त्या मेलवर सिनियरचं नाव आणि 'बाकी' असतं तर सोमवारी ट्रक भरायच्या आधी कुणीही विचारलं असतं, सर, हे काय आहे?

हां, तीन माणसांच्या ऑफिसात हाक मारून काम होतं, तिथं एवढं नको, मान्य. आपण तीन नाही आहोत.

साफसफाईच्या नियमावर मात्र माझी हरकत आहे. मेमोत लिहिलंय 'जुने मेल काढून टाकावेत'. काढून कुठं टाकायचे? उडवायचे नाहीत! 'झालं' लागलेले मेल कॉमन मेलबॉक्समधल्याच त्या महिन्याच्या फोल्डरमध्ये हलवायचे. ज्यावर कुणाचंच नाव नाही असा एकही मेल शुक्रवारी संध्याकाळी इनबॉक्समध्ये उरता कामा नये आणि 'उत्तराची वाट'मध्ये आठवडाभर पडलेल्यांना फोन करायचा. आणि सेंटची प्रत कॉमनमध्येपण पडायची सेटिंग अ‍ॅडमिनच्या बाजूनं चालू होते, ती आधी करून घ्या, नाहीतर बाकीचे नियम अर्धेच.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या सिनियरबद्दलपण मनात काही नाही, शनिवारी घरातल्या कार्यक्रमातनं बिचाऱ्यांनी उत्तर दिलं होतं. पण त्या पोरीला सगळ्यांसमोर बोलले ते बोलले, नंतर खरं कळल्यावर तिला कुणी येऊन सॉरी म्हटलं नाही. ते मला अजून लागतं.

आणि आता मेमोत शुक्रवारची साफसफाई कायमची तिच्याच नावावर लिहिलीय. का? ज्युनियर आहे म्हणून? सिनियरच्या मेलवर 'हे का बाकी आहे' असं ती विचारू शकणार आहे का? हरकती सोमवारपर्यंत कळवा म्हटलंय. मी लेखी देतोय, साफसफाई आळीपाळीनं, आणि पहिल्या शुक्रवारी मॅनेजर साहेबांचं नाव. ग्रुपवर हसणाऱ्यांनी सही करायला यावं.