तो जंजिरा नाही, पण ती पट्टी देवबागही नाही

मुंबई-गोवा विमानाच्या खिडकीतून काढलेल्या किनाऱ्याच्या फोटोंची एक पोस्ट मी टाकली होती. तिच्यावर आलेली ही प्रतिक्रिया:

«आम्ही मालवणचे. पहिल्या फोटोत तुम्ही सिंधुदुर्ग म्हणून जे दाखवलंय ती चपटी, लांबट चकती आहे. आमच्या किल्ल्याचा तट नागमोडी आहे आणि बेट चांगलं रुंद आहे. जवळ एक छोटं बेटही दिसतंय, म्हणजे हा जंजिरा-पद्मदुर्ग असणार. शिवाय डावीकडच्या वाळूच्या पट्टीला देवबाग म्हटलंय, ते तर साफ चूक वाटतं. नकाशावर जे जुळेल ते नाव ठोकून द्यायचं, असला प्रकार आहे हा.»

शेवटून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. ती पट्टी देवबागची नाही. पोस्टमध्ये दुरुस्ती केली आहे. चूक कशी झाली ते खाली येईलच. किल्ल्याबद्दल मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

आधी चपटेपणा. मुंबईहून गोव्याला जाताना मी डावीकडच्या खिडकीत होतो. विमान समुद्रावरून चाललं होतं, किनारा डाव्या हाताला. त्या फ्लाइटचा माग नंतर विमानांचे मार्ग दाखवणाऱ्या साइटवर पाहिला, तेव्हा फोटोच्या वेळी विमान साधारण सहा किलोमीटर उंचीवर होतं आणि मालवणचा किनारा तिथून अठराएक किलोमीटर बाजूला होता. म्हणजे मी किल्ला वरून पाहतच नव्हतो, तिरका पाहत होतो. पाटावर बसून थोडं लांब ठेवलेलं ताट पाहा, ते गोल दिसत नाही. डावी-उजवीकडची लांबी जशीच्या तशी राहते, पण आपल्यापासून दूर जाणारी लांबी आकसते. सहा किलोमीटर उंची आणि अठरा किलोमीटर अंतर असेल तर ती जवळजवळ एक तृतीयांश होते.

आता फोटोत मोजा. बेट आडवं ६६ पिक्सेल भरतं, उभं २४. उभं माप तिप्पट केलं की ७२ होतं. म्हणजे चकती नव्हेच, लांबी-रुंदी जवळपास सारखी असलेलं बेट. तुमच्या नागमोडी तटाचं म्हणाल, तर या फोटोत एक पिक्सेल आडवा सहा-सात मीटरचा आणि उभा वीसेक मीटरचा पडतो. तटाची वळणं त्यात विरून जातात. ती दिसत नाहीत, यावरून ती नाहीत असं म्हणता येणार नाही.

पण खरं सांगायचं तर इथवर काहीच सिद्ध झालेलं नाही. जंजिराही असाच ताणून पाहिला तर लंबगोल, भरीव बेटच दिसेल. तिरक्या फोटोत एकट्या बेटाचा आकार हा फार कच्चा पुरावा असतो. पक्की असते ती मांडणी: कशाच्या पुढे काय, कशाच्या डावीकडे काय. समुद्र सपाट असल्यामुळे तिरकं पाहिल्याने अंतरं आकसतात, क्रम बदलत नाही.

म्हणून छोट्या बेटाकडे या. कोकणात किनाऱ्याजवळ एक मोठं आणि एक छोटं अशा जोड्या मला तीन ठाऊक आहेत: खांदेरी-उंदेरी, जंजिरा-पद्मदुर्ग आणि सिंधुदुर्ग-पद्मगड. (शेवटच्या दोन जोड्यांत नावांनी घोळ होतोच, त्याबद्दल तुम्हाला दोष नाही.) पद्मदुर्ग जंजिऱ्यापासून वायव्येला, मुरूडसमोर उघड्या समुद्रात आहे. समुद्राकडून पाहिलं तर तो अलीकडे आणि डावीकडे यायला हवा, म्हणजे फोटोत मोठ्या बेटाच्या खाली. पद्मगड मात्र सिंधुदुर्ग आणि मालवणचा किनारा यांच्या मध्ये आहे, म्हणजे फोटोत वर. माझ्या फोटोत काळा ठिपका वर आहे, मोठं बेट आणि वाळू यांच्या फटीत. खांदेरी-उंदेरीतही छोटं बेट किनाऱ्याकडेच आहे, पण तिथे मोठं बेट बरंच बाहेर आहे. इथे दोन्ही किनाऱ्याला बिलगलेली आहेत.

शिवाय जंजिरा राजपुरीच्या खाडीच्या तोंडावर आहे. एवढी रुंद खाडी बेटामागे दिसली नाही असं होणं शक्य नाही. माझ्या फोटोत बेटामागे सलग किनारा आणि गाव आहे. वेळेचा हिशेबही तेच सांगतो. फोनमधल्या वेळेनुसार फोटो टेकऑफनंतर ३४ मिनिटांनी काढला आहे. मुंबईपासून जंजिरा नव्वदएक किलोमीटर, मालवण साडेतीनशेच्या आसपास. ३४ व्या मिनिटाला जंजिरा शेपटीमागे कुठच्या कुठे गेलेला असतो.

आता माझी चूक. फोटोत बेटाच्या डावीकडे वाळूची एक लांब पट्टी आहे, तिच्यामागे किनाऱ्याला समांतर जाणारं पाणी, आणि पट्टीचं मोकळं टोक उजवीकडे. मी नकाशा उत्तर वर ठेवून तशी पट्टी शोधली, कर्लीच्या खाडीवरची देवबागची पट्टी सापडली, आणि मी तिथेच थांबलो. मालवणच्या दोन्ही बाजूंना अशी एकेक पट्टी आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही. उत्तरेला गडनदीच्या तोंडाशी तळाशीलची, दक्षिणेला कर्लीच्या तोंडाशी देवबागची. दोन्हींची टोकं दक्षिणेकडेच, त्यामुळे टोकाच्या दिशेवरून काही ठरत नाही. ठरतं ते किल्ल्याच्या कुठल्या बाजूला पट्टी आहे यावरून. नकाशा डावीकडे पाव वळसा फिरवला, पूर्व वर आणि उत्तर डावीकडे आली, की नकाशा खिडकीसारखा होतो. मग डावीकडची पट्टी तळाशीलचीच. देवबाग फोटोच्या चौकटीबाहेर, उजवीकडे राहिली.

तुम्ही म्हणाल, इतकं सगळं नंतर जुळवून घेतलंय. म्हणून एक असा पडताळा देतो जो मला आधी माहीत नव्हता. किल्ला सिंधुदुर्ग असेल, तर विमान पुढे गेल्यावर आधी देवबागची पट्टी, आणि मग निवतीसमोर समुद्रात, किनाऱ्यापासून सुटे, वेंगुर्ला रॉक्सचे खडक यायला हवेत. अंतर सतराएक किलोमीटर, म्हणजे दीड-दोन मिनिटांचं उड्डाण. तुमची प्रतिक्रिया वाचून मी त्या फ्लाइटचे राहिलेले फोटो उघडले. पहिल्यानंतर पावणेदोन मिनिटांनी काढलेला एक फोटो मी पंखाचं टोक मध्ये आलं म्हणून बाजूला टाकला होता. त्याच्या खालच्या कोपऱ्यात, किनाऱ्याच्या बऱ्याच अलीकडे, चार-पाच काळे ठिपके आहेत, भोवती फेसाच्या पांढऱ्या कडा. तो फोटो आता पोस्टमध्ये जोडला आहे. जंजिऱ्यानंतर एवढ्या अंतरावर असं काही यायला नको.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम जुळवली नाही. कर्लीच्या तोंडाशी वाळूचे जे बांध दिसतात ते दर पावसाळ्यानंतर सरकतात, आणि नकाशातलं उपग्रहचित्र भलत्याच वर्षीचं, भलत्याच भरती-ओहोटीचं असतं. खडक, सडे आणि तट जुळले की मी नाव देतो. वाळू जुळली तर आनंद, नाही जुळली तर त्यावरून नाव खोडत नाही. तिथली वाळू तुम्ही रोज पाहता. नव्या फोटोत देवबागच्या टोकापुढे जी पिवळट रेघ आहे, ती या वर्षी ओहोटीला खरंच इतकी बाहेर उघडी पडते का, तेवढं सांगा.