गालातली गादी परत येत नाही

"पंचविशीत गालातली चरबी काढली तर पुढे काय बिघडणार?"

तोंडाच्या आतून छोटा छेद देऊन काढतात ती गालाच्या स्नायूंमधली खोल गादी, आणि ती पुन्हा तयार होत नाही. वय वाढतं तशी गालांची बाकीची चरबीही विरळ होते, हाड थोडं झिजतं, त्वचा सैलावते. आतला आधार आधीच काढलेला असेल तर गालफडं बसतात आणि धडधाकट माणूसही आजारी दिसतो. मुळात निमुळता चेहरा असेल तर जास्तच. आधी एक करून बघा: दात घट्ट आवळून जबड्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवा. तिथे टणक फुगवटा लागला तर चेहऱ्याची रुंदी बहुधा चावण्याच्या स्नायूची असते. मग चरबी काढून काय उपयोग? नंतर गालात फिलर, म्हणजे भराव करणारं इंजेक्शन, किंवा अंगातलीच चरबी भरता येते, पण मूळची गादी जशीच्या तशी मिळत नाही.