सोमवारची सुट्टी

कोल्हापुरात येऊन दीड वर्ष झालं. हे गाव माणूसघाणं आहे असं कुणी म्हणालं तर मीच भांडेन. पत्ता विचारला तर माणूस गाडी वळवून दारापर्यंत सोडतो. पहिल्या महिन्यात चहावाल्याने पैसे घेतले नाहीत, "राहू दे की भावा, पाहुणा हाईस" म्हणाला. मला ते फार आवडलं होतं. आठ महिन्यांनीही मी पाहुणाच आहे हे कळलं तेव्हा मात्र जरा खुपलं.

मी हिंगणघाटचा. गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. आमची सुट्टी सोमवारी. ऐकायला साधी गोष्ट आहे, पण माझे शाळेपासूनचे सगळे मित्र त्या दिवशी कामावर असतात. ते रविवारी जमतात, व्हिडिओ कॉल लावतात, तेव्हा मी कास्टिंगचे तडे तपासत असतो. आणि एका दिवसात घरी जाऊन येणं होत नाही. महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसलं की वर्धा दुसऱ्या दिवशी येतं.

एका सोमवारचं मी सहज मोजलं. रविवारी दुपारी तीनला पंच करून बाहेर पडलो, ते मंगळवारी सकाळी सातला पुन्हा आत गेलो. मधल्या चाळीस तासांत समोरासमोर बोललेली वाक्यं चार. "अर्धा लिटर द्या." "सुट्टे नाहीत." "पार्सल." चौथं मेसच्या मावशींना, "आज भाकरी दोनच." त्यांनी फक्त "बरं वाटत न्हाई व्हय?" एवढं विचारलं, तर माझा घसा भरून आला. आईशी आठ मिनिटं बोललो, पण ते धरत नाही. त्यात मी "मित्रांसोबत रंकाळ्यावर आहे" असं खोटं सांगितलं होतं. रंकाळ्यावर होतो, हे खरं.

ऑफिसात मित्र नाहीत का? आहेत. डबा एकत्र खातो, चेष्टा चालते. पण ही मैत्री गेटच्या आतली. पाळी सुटली की जो तो गाडीला किक मारतो. कुणाचं गावात शेत आहे, कुणाची म्हैस, कुणाची तालीम. त्यांचा दिवस आधीच भरलेला असतो, त्यात माझ्यासाठी जागा करा असं म्हणायचं तरी कसं?

"बाहेर पड, लोकांत मिसळ" हा सल्ला मला दहा जणांनी दिला. त्यातल्या एकानेही पाळी केलेली नव्हती. आमच्याकडे पाळी दर आठवड्याला फिरते : सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. मी एक व्यायामशाळा लावली होती. संध्याकाळची वेळ मला तीनातला एकच आठवडा धड जमायची. जी चार पोरं ओळखीची होऊ लागली, ती मी परत जाईपर्यंत नाव विसरायची. मला विचाराल तर ओळख होते ती एकाच जागी, एकाच वेळी, पुन्हा पुन्हा दिसल्याने. गप्पिष्ट स्वभाव लागतो असं नाही. फिरती पाळी नेमकं तेच तोडते. आठवड्याऐवजी महिनाभर एकच पाळी ठेवली तर कारखान्याचं काय बिघडेल, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

या शहराला हे कळत नव्हतं असंही नाही. शाहू महाराजांनी 1901 साली इथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातून शिकायला आलेल्या पोराला फी माफ करून भागत नाही, राहायला-जेवायला आपली जागा लागते, हे त्या माणसाला दिसलं होतं. दसरा चौकातून जाताना मला हे हटकून आठवतं. नोकरीला आलेल्याला मात्र कॉट बेसिस. खोलीत तिघं, तिघांच्या पाळ्या तीन, एक झोपलेला म्हणून दुसऱ्याने दिवा लावायचा नाही.

शेवटी मी रात्रपाळीचा भत्ता सोडून कायमची पहिली पाळी मागून घेतली. दोन अर्ज आणि बरीच बोलणी खाल्ल्यावर मिळाली. हे सगळ्यांना परवडणार नाही, मलाही महिनाअखेर जड जातं. पण आता रोज संध्याकाळी गंगावेशीत त्याच कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला जातो. तीन आठवडे कुणी काही बोललं नाही. चौथ्या आठवड्यात एका काकांनी विचारलं, "कुठल्या पेठेचा रं तू?"

म्हटलं, "हिंगणघाटचा."

"ही कुठली पेठ?" म्हणाले, आणि सगळे हसले. मग शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघायला घेऊन गेले. इथले फुटबॉल संघ तालमींचे, त्यामुळे तिथेही पहिला प्रश्न तोच, तुझी तालीम कुठली, खंडोबा की पाटाकडील? मी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "आमच्यातलाच हाय."

मैत्री वगैरे म्हणणार नाही. त्यांना माझं आडनावही माहीत नसावं. पण गेल्या आठवड्यात तापाने दोन दिवस कट्ट्यावर गेलो नाही, तर तिसऱ्या दिवशी दूधवाल्याने ग्लास पुढे करत विचारलं, "कुठं मेलावतास दोन दिवस?"