कपाटाची कॉशन ऑर्डर

अमळनेरच्या साखरपुड्यात एका नटलेल्या मावशींनी मला हाक मारली, "ओ दादा, इकडे शेवभाजी गरम आणा ना." मी मुलीचा सख्खा चुलतमामा. पण अंगावर चहाचा डाग पडलेला चौकड्यांचा शर्ट होता, त्यामुळे त्या बाईंना तरी काय बोलणार? इस्त्रीचा सदरा जळगावला, कपाटात होता. कपाटाचं सरकतं दार ऐन निघायच्या वेळी रुळावरून उतरून तिरकं अडकलं होतं, आणि त्या फटीतून माझा हात कोपरापर्यंतच जात होता. मी शेवभाजी आणून दिली. वर "रस्सा कमी आहे" हेही ऐकून घेतलं.

घरी येऊन फर्निचरवाल्याला फोन केला. दार बसवून गेला तेव्हा "साहेब, लाइफटाइम" म्हणणारा हा माणूस आता म्हणाला की व्हिजिटचे 600 लागतील, पार्टचे वेगळे, आणि मुलगा आठवड्याने येईल. लाइफटाइम कुणाची, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं असं बायको म्हणाली. तिने तरी कुठे विचारलं होतं?

तर मी स्वतःच पेचकस घेऊन बसलो. बसलो मात्र, आणि दारात नाना उभे.

नाना आमचे शेजारी. आमची बेडरूम आणि त्यांची बैठकीची खोली यांत एकच भिंत. भुसावळ डिव्हिजनमधून कीमॅन म्हणून निवृत्त झालेले. खांद्यावर हातोडा घेऊन रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासायचा आणि सैल झालेल्या चाव्या ठोकून घट्ट करायच्या, यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर त्यांना तपासायला रूळ उरला नव्हता. आमच्या घरी निघाला.

"गाडी घसरनी का रे भाऊ?" नानांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो नातू झाला तेव्हाही मी पाहिला नव्हता.

"नाना, कपाटाचं दार आहे."

"कोन्ता डबा? म्होरला का मांगला?"

मागचा. अर्थातच मागचा. अशा कपाटाच्या खालच्या पट्टीत दोन खाचा असतात, पुढच्या दाराची एक आणि मागच्या दाराची एक. मागचं दार काढायचं तर आधी पुढचं, ज्याने कुणाचं काही वाकडं केलेलं नाही, ते उतरवावं लागतं. आमच्या पुढच्या दाराला पूर्ण उंचीचा आरसा आहे. ते वजन सहज तीस किलोच्या वर जातं, एकट्या माणसाचं काम नाही. पण नानांनी मला दाराला हात लावू दिला नाही. आधी चौकशी.

पलंगाच्या कडेवर बसून, चष्मा पुसून त्यांनी सुरुवात केली. "हाऊ डबा भरेल व्हता का रिकामा?" म्हटलं, दारात काय भरणार, कपाटात सामान आहे. "वेग कितला व्हता?" म्हटलं, मी घाईत होतो. नानांनी मान हलवली आणि "घाई" असं स्वतःशीच म्हणून घेतलं. मग त्यांनी मला ब्रॉडगेजची रुंदी विचारली. मला येईना. "1676 मिलिमीटर," ते म्हणाले, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला इंग्रजी शाळेतले सगळे गणिताचे मास्तर एका वेळी आठवले. मग रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूने कंगोरा असतो, तो रुळाला धरून ठेवतो, दोन्ही चाकांचे कंगोरे आत असल्याने गाडी कुठल्याच बाजूला सुटत नाही, हे सगळं त्यांनी माझ्याच पेचकसाने हवेत काढून दाखवलं. तोवर मे महिन्यातल्या जळगावची दुपार खोलीत भरली होती आणि फॅन नानांकडे वळवलेला होता. बायकोने त्यांना ताक आणून दिलं. मला विचारलंसुद्धा नाही.

"कोनी बसाडं हाई दार?"

मी दुकानाचं नाव सांगितलं. नाना नुसतेच हसले. एवढ्या सगळ्या चौकशीत मला पटलेला तेवढा एकच क्षण.

अखेर दोघांनी मिळून पुढचं दार काढलं. दाराच्या खालच्या कोपऱ्यात, चाकाच्या ब्रॅकेटला एक इवलीशी प्लास्टिकची पट्टी असते. ती खाली दाबलेली असली की चाक खाचेतून उसळू शकत नाही. काढताना ती पेचकसाच्या टोकाने वर उचलायची, मग दार सरळ वर खेचायचं, म्हणजे ते वरच्या खोल खाचेत शिरतं आणि खालची कड मोकळी होऊन बाहेर येते. नंतर तिरकं करून खाली घ्यायचं. वरची खाच मुद्दाम खोल ठेवलेली असते ती एवढ्याचसाठी. दार भिंतीला टेकवताना खाली चादरीची घडी टाकली, कारण गुळगुळीत फरशीवर आरसा घसरला तर सात वर्षांचं अपशकुन राहू द्या, आधी पाय जातो.

मागचं दार तर आधीच अर्धं सुटलेलं होतं. ते आडवं करून चाकं पाहिली आणि माझं डोकं फिरलं. डाव्या चाकाची ती प्लास्टिकची पट्टी वरच उभी होती. कोरी करकरीत, एकदाही खाली दाबलेली नाही. बसवणाऱ्याने दार लावलं, पैसे घेतले, पट्टी दाबायला विसरला आणि "लाइफटाइम" म्हणून निघून गेला. दोन सेकंदांचं काम. त्या दोन सेकंदांसाठी मी मामा असून वाढप्या झालो.

पण नुसती पट्टी वर आहे म्हणून दार उडत नाही, त्याला वर चढायला कारण लागतं. कारण उजव्या चाकात होतं. नायलॉनचं ते चाक बोटाने फिरवलं तर फिरेचना. आसाभोवती लांब केस आणि दोरे गच्च गुंडाळलेले. केस कुणाचे यावर घरात चर्चा झाली नाही, मी होऊ दिली नाही. ब्लेडच्या टोकाने दोरे कापून, चिमट्याने ओढून काढले. न फिरणारं चाक घासत जातं, दार ओढायला जोर लागतो, आणि जोराने ओढलेलं दार वाटेत काही आलं की त्यावर चढतं.

वाटेत काय होतं, ते खालच्या पट्टीत पाहायचं. आमच्याकडे चैत्र-वैशाखाची धूळ खिडकी लावली तरी घरात येते, त्यात आईच्या गोधडीची कापसाची तूस, उडदाच्या पापडाचा एक तुकडा (बेडरूममध्ये पापड कोण खातं, याचीही चर्चा झाली नाही), आणि या सगळ्याला बांधून ठेवणारं काळं ग्रीस. ग्रीस कुणी घातलं? बसवणाऱ्यानेच, "स्मूथ चालेल" म्हणून. धूळ पकडायची असेल तर याहून चांगला उपाय नाही. मी खोबरेल तेलाच्या बाटलीकडे पाहिलं तर नाना ओरडले, "तेल नको टाकू! धूळ बठी जाई." मग समजावलं की रुळावर ग्रीस लावतात ते वळणावर, जिथे चाकाचा कंगोरा घासतो तिथे. "हाई कपाटले वळण शे का?" नव्हतं.

साफसफाई कोरड्यापासून सुरू केली. जुन्या दात घासायच्या ब्रशने खाचेतली सगळी रास एका टोकाला आणून उचलली. ग्रीस भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने, पेचकसावर फडकं गुंडाळून, कोपऱ्याकोपऱ्यातून काढलं. पाणी ओतायचं नाही, कारण खालची फळी भुशाची असते आणि पाणी लागलं की फुगते. फुगली की पट्टीच वर उचलली जाते, मग नाना काय आणि रेल्वे बोर्ड काय. कोरडं पुसून थोडा वेळ पंखा सोडला. आता पंखा नानांकडून काढून घ्यायला सबब मिळाली.

पट्टी चकचकीत दिसत होती. मी दार उचलायला वाकलो तोच नाना म्हणाले, "थांब." खिशातून दहाचं नाणं काढलं, गुडघ्यावर बसले, हे बसणं मिनिटभर चाललं, आणि नाणं उभं धरून पट्टीच्या उंच कडेवरून हळूहळू ओढत नेलं. कान पट्टीकडे. किर्र, किर्र, किर्र, आणि एका ठिकाणी टिक्. मागे घेतलं, पुन्हा ओढलं. टिक्. "आठे."

मला डोळ्यांना काही दिसेना. नखाने चाचपलं तेव्हा लागलं: अॅल्युमिनियमची कड तांदळाएवढ्या जागेत आत चेपलेली. कधीतरी सूटकेस आपटली असणार. लाकडाचा तुकडा आतून धरून पकडीने ती कड सरळ केली. एका दमात वाकवली तर अॅल्युमिनियम तडकतं, म्हणून थोडी थोडी. नाण्याचा आवाज सरळ झाल्यावर नाना उठले. उठणं दोन मिनिटं चाललं.

मग फडक्यावर थोडा सिलिकॉनचा स्प्रे मारून पट्टी पुसली. तो सुकतो, चिकट राहत नाही. दार वर खाचेत घालून, खाली सोडून चाकं बसवली आणि दोन्ही पट्ट्या टक् करून दाबल्या, नानांनी माझ्यानंतर पुन्हा दाबल्या. दार बंद केलं तर बाजूच्या फळीला खाली टेकलं, वर बोटभर फट. वरची कड फळीपासून लांब म्हणजे दाराची पलीकडची बाजू खाली बसली आहे. तिकडच्या चाकावरचा स्क्रू पाऊण फेरा फिरवून ती बाजू उचलली, दार लावून पाहिलं, पुन्हा थोडा फिरवला. फट वरून खालपर्यंत सारखी झाली. फार उचललं तर दार वर घासतं, फार खाली ठेवलं तर वरच्या खाचेतली पकड कमी होते. मधेच कुठेतरी त्याची जागा असते आणि ती स्क्रूला ठाऊक, माणसाला नाही. पुढचं दार पाठोपाठ बसलं. गोधडी मात्र वरच्या माळ्यावर गेली, कारण ती आतून फुगून दाराला बाहेर ढकलत होती. आई अजून बोलत नाही.

दार एका बोटाने सरकलं. मी टाळी द्यायला हात पुढे केला. नानांनी हाताकडे बघितलंच नाही, कागद मागितला. दुरुस्त केलेल्या रुळावर गाडी लगेच पूर्ण वेगाने सोडत नाहीत, त्याची कॉशन ऑर्डर निघते. माझ्या लाइटबिलाच्या पाठीवर त्यांनी लिहिलं: आठ दिवस सावकाश, दोन्ही हातांनी, झटका बंद. खाली सही, आणि ते कागद चिकटपट्टीने आरशावर.

परवा रात्री अंघोळ झाल्यावर टॉवेल गुंडाळून चड्डी काढायला जरा घाईने दार ओढलं, तर भिंतीच्या पलीकडून हातोड्याचे दोन ठोके आणि नानांचा आवाज: "वेग!"