तक्रारखोर सहकाऱ्याशी संबंध तोडण्याआधी

“सतत रडगाणं गाणाऱ्या सहकाऱ्याचं अर्धा तास ऐकलं तरी तुमचा मेंदू आकसतो, स्टॅनफर्डने सिद्ध केलंय. एका निगेटिव्ह माणसामुळे अख्खं ऑफिस बिघडतं. त्याला पॉझिटिव्ह सल्ला द्या, ऐकत नसेल तर संबंध तोडा.”

असा सल्ला सर्रास ऐकू येतो. त्यातलं आधी मेंदूचं बघू. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मेंदू-संशोधक रॉबर्ट सापोल्स्की यांनी ताणावर अनेक वर्षं संशोधन केलंय. ताणात वाढणारी संप्रेरकं दीर्घकाळ चढी राहिली तर मेंदूतल्या स्मरणाशी संबंधित भागाला इजा होऊ शकते, हे त्यांनी मुख्यतः उंदरांवर आणि माकडांवर दाखवलं. कुणाचं गाऱ्हाणं अर्धा तास ऐकण्याशी त्या प्रयोगांचा संबंध नाही. मला या दाव्याचा राग येतो, कारण तो वाचून घाबरलेल्या माणसाला समोरच्याची खरी अडचणही विषासारखी वाटू लागते.

मूड पसरतो हे मात्र खरं. कामाच्या ठिकाणच्या भावनांचा अभ्यास करणाऱ्या सिगल बारसाड यांनी २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांचे छोटे गट बोनस कुणाला किती द्यायचा यावर चर्चा करत होते आणि प्रत्येक गटात नाटकाचा एक विद्यार्थी ठरवून दिलेला मूड घेऊन बसला होता. त्याचा मूड इतरांना लागला. पण वाईट मूड जास्त जोरात पसरेल ही अपेक्षा खरी ठरली नाही. चांगलाही तितकाच पसरला. म्हणजे टेबलाभोवती बसलेले बाकीचे काही हतबल नसतात. वातावरण खरं जड होतं ते “हो ना, माझंही अगदी तसंच” म्हणत आपण आपलं गाऱ्हाणं त्यात ओततो तेव्हा. सहानुभूती म्हणून आपण हे करतो आणि अकराचा चहा पाऊण तास लांबतो.

सल्ल्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मी स्वतः तिथेच चुकत होते. आमच्या डिस्पॅच विभागातले एक काका रोज चहाला तीच तीन गाऱ्हाणी मांडत: कँटीनची पातळ डाळ, साहेबांचं बोलणं आणि वजनकाट्याच्या पावत्या. मी म्हणायचे, “काका, साहेबांना एकदा सांगून बघा ना.” “सांगितलं, पण काही होत नाही.” “मग मेल करा.” “मेल कोण वाचतंय?” मानसोपचाराच्या गटांत ही तऱ्हा मानसोपचारतज्ज्ञ जेरोम फ्रँक आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्येच नोंदवली होती: मदत मागायची आणि मिळालेली प्रत्येक मदत परतवायची. अशा माणसाला प्रत्येक नवा उपाय म्हणजे ‘तुमचं दुःख तेवढं मोठं नाही’ असं वाटतं, म्हणून तो ते आणखी मोठं करून सांगतो. आपण थकतो, आणि त्याला वाटतं की कुणी समजूनच घेत नाही.

मग मी सल्ले थांबवले. दोन-तीन मिनिटं पूर्ण ऐकायचं आणि एका वाक्यात परत सांगायचं: “म्हणजे पावती उशिरा येते आणि गाडी खोळंबल्याचा ठपका तुमच्यावर येतो.” मग विचारायचं, “काका, नुसतं मोकळं व्हायचंय की यावर काही करायचंय?” नुसतं बोलायचं असेल तर “मला पाच मिनिटांत चलन काढायचंय” एवढं आधीच सांगून ऐकायचं आणि वेळ झाली की खरोखर उठायचं. करायचं असेल तर पुढचं पाऊल त्यांच्याच तोंडून यायला हवं. पावत्यांच्या बाबतीत काका बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “वेळा लिहून ठेवतो.” आठवडाभर त्यांनी वहीत गाडी काट्यावर आल्याची आणि पावती हातात पडल्याची वेळ लिहिली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत काट्यावर बदली माणूसच नसायचा, हे त्या वहीने दाखवलं. तक्रार खरी होती. रोजच्या रडगाण्यात ती आम्हा कुणाला ऐकूच येत नव्हती.

राहिला संबंध तोडण्याचा प्रश्न. ज्याच्याकडून रोज कागद घ्यायचे त्याच्याशी अबोला धरला तर कामच अडतं, आणि तो तेच गाऱ्हाणं दुसऱ्या टेबलावर नेतो. अंतर ठेवायचं ते वेळेपुरतं. काही वेळा मात्र हा मार्ग लागू नाही. एरवी हसतमुख असलेला माणूस अचानक असं बोलू लागला, झोप लागत नाही, जगण्यात अर्थ नाही म्हणाला, तर घड्याळ बघू नये. शांतपणे बसून विचारावं आणि डॉक्टरांपर्यंत पोचवावं. एखादी बाई लैंगिक छळाबद्दल सांगत असेल तर ते गाऱ्हाणं नव्हे; १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असावीच लागते, तिथे लेखी तक्रार करायला तिला साथ द्यावी.

आमच्या काट्यावर आता जेवणाच्या वेळेलाही माणूस असतो. डाळ आणि साहेब अजून रोज निघतात. ते मी पाच मिनिटं ऐकते आणि चलन काढायला उठते.