दुखणं उलटू नये म्हणून

"ताई, ह्यांना चार वेळा डिप्रेशन येऊन गेलं. आता वर्षभर छान आहेत. गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या का? सासरे म्हणतात, इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला दहा दिवस जाऊन ये आणि गोळ्या सोडून दे. तुमच्याकडे तर सरकारच ध्यान शिकवतं म्हणे. खरं का?"

माझ्या नाशिकच्या आतेबहिणीचा हा मेसेज. तिला विचारूनच इथे लिहिते आहे, कारण असा प्रश्न पडलेली घरं पुष्कळ आहेत.

सरकार शिकवतं हे बऱ्यापैकी खरं आहे. इंग्लंडच्या नैऋत्य भागात, जिथे मी राहते, तिथे मी याच उपचाराचे गट घेते. नाव लांबलचक आहे, माइंडफुलनेस-बेस्ड कॉग्निटिव्ह थेरपी. आम्ही एमबीसीटी म्हणतो. ध्यान आणि मानसोपचार यांची ती सांगड. आरोग्यसेवेसाठी उपचारांच्या शिफारशी करणाऱ्या इथल्या नाइस या संस्थेने २००४ सालीच ती सुचवली, आणि आजही ती यादीत आहे. पण कुणासाठी सुचवली, ते महत्त्वाचं. ज्यांचं नैराश्य पुन्हा पुन्हा उलटतं, आणि जे सध्या बरे आहेत, अशांसाठी. घर पावसाळ्याआधी शाकारतात, त्यातला हा प्रकार आहे. ऐन आजारात, अंथरुणातून उठवत नाही अशा वेळी, पाऊण तास डोळे मिटून बसायला सांगणं मला क्रूरपणाचं वाटतं. तेव्हा मन एकाग्र होतच नाही, आणि "मला एवढंही जमत नाही" ही आणखी एक टोचणी मागे लागते.

ही पद्धत १९९०च्या दशकात झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या तिघांनी बांधली. त्यांना सुटत नसलेलं कोडं असं होतं. नैराश्यातून बरा झालेला माणूस बोलतो-चालतो, विचार करतो, तो चारचौघांसारखाच. मग त्याचाच आजार इतक्या सहज का उलटतो? उत्तर सापडलं ते साध्या उदासीत. बरे झालेल्यांना संथ, दुःखी संगीत ऐकवलं, एखादी वाईट आठवण काढायला सांगितली, की त्यांच्यातल्या काहींचे विचार झरकन जुन्या वळणावर जातात: मी कुचकामी आहे, माझं कुणालाच काही पडलेलं नाही. ज्यांचे विचार असे जास्त वळतात, त्यांचा आजार पुढे जास्त वेळा उलटतो. म्हणजे उदासी सगळ्यांना येते, पण ज्याला नैराश्य तीन-चार वेळा येऊन गेलं आहे त्याच्या मनात उदासी आणि ते विचार एकमेकांना चिकटून बसलेले असतात. एक आलं की दुसरं येतं. मग माणूस "मी असा का?" हे उगाळत बसतो. त्याला वाटतं, आपण प्रश्न सोडवतो आहोत. त्या उगाळण्यानेच आजाराला पुन्हा वाट मिळते.

या उपचाराचा क्रम असा: आठ आठवडे, दर आठवड्याला साधारण दोन तास, बाराच्या आसपास माणसं. घरी रोज पाऊण तासाच्या आसपास सराव. हे ऐकून इथल्या मराठी मंडळातल्या एक काकू मला म्हणाल्या, "अगं, मलाही घे ना, रात्री झोप लागत नाही, मुलाच्या लग्नाचं टेन्शन." मी त्यांना नाही म्हटलं. त्यांचा त्रास खरा आहे, पण त्यावर हा उपचार नव्हे.

दुसऱ्या आठवड्याचा एक प्रसंग सांगते, म्हणजे वर्गात काय चालतं ते कळेल. (माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत.) सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि कल्पना करायची: तुम्ही रस्त्याने चालला आहात, पलीकडून ओळखीचं माणूस येतं, तुम्ही हसून हात करता, आणि ते माणूस तसंच पुढे निघून जातं. एवढंच. मग विचारायचं, मनात काय आलं? एक निवृत्त ट्रकचालक म्हणाला, "चष्मा विसरला असेल." एक शाळामास्तरीण म्हणाली, "माझं काहीतरी चुकलं असणार." तिसऱ्याला राग आला होता. रस्ता एक, माणूस एक, आणि एका खोलीत तीन निष्कर्ष. तेवढ्यात ती मास्तरीण जे बोलली, त्यासाठीच हा व्यायाम आहे: "मागच्या महिन्यात विचारलं असतं तर मीही चष्माच म्हटलं असतं." म्हणजे तिचा निष्कर्ष रस्त्यावरच्या माणसावरून निघालाच नव्हता, तिच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीतून निघाला होता.

पुढचे आठवडे हेच अनेक बाजूंनी गिरवतात. विचार खोटा आहे असं सिद्ध करत बसायचं नाही. "मी कुचकामी" हा विचार आला, शरीर जड झालं, छातीवर दडपण आलं, हे घडताना बघायचं. त्यासाठी एक छोटा सराव असतो, तीन मिनिटांचा श्वास-विराम म्हणू. आधी आत्ता मनात, भावनेत, अंगात काय आहे त्याची नोंद. मग लक्ष फक्त श्वासावर. मग ते पसरवत सगळ्या शरीरावर. पाऊण तासाचा सराव असतो तो हा विराम नेमक्या वेळी आठवावा म्हणून.

त्या मास्तरणीचंच पुढचं सांगते. तिचा आजार पाच वेळा आला होता. फेब्रुवारीत मुख्याध्यापकांचं दोन ओळींचं कोरडं ईमेल आलं. एरवी ती घरी येऊन कोट न काढता पलंगावर पडली असती आणि त्या दोन ओळी मध्यरात्रीपर्यंत घोळवल्या असत्या. या वेळी जिन्यातच थांबून तिने तो विराम घेतला. ती सांगत होती, वाईट वाटणं तसूभरही कमी झालं नाही, पण "हे ते जुनं आलं" एवढं ओळखू आलं. मग अशा वेळी करायच्या गोष्टींची तिने जी यादी केली होती, त्यातल्या दोन केल्या: बेसिनमधले कप धुतले आणि बहिणीला फोन लावला. संशोधनातही असंच काहीसं दिसलं आहे. एमबीसीटी घेतलेल्यांना उदासीत ते जुने विचार येतच राहतात, पण ते आल्यावर पुढे आजार उलटेलच, हे नातं सैल पडतं.

आता आकडे, कारण पुण्यातला माझा मावसभाऊ मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि आकड्यांशिवाय तो कुणाचं ऐकत नाही. २००० साली पहिली चाचणी प्रसिद्ध झाली, १४५ जणांची. तीन किंवा जास्त वेळा नैराश्य आलेल्यांपैकी नेहमीचेच उपचार घेतलेल्या ६६ टक्के लोकांचा आजार साधारण वर्षभरात उलटला. एमबीसीटी घेतलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होतं. दोनदाच आजार आलेल्यांना मात्र काही फायदा दिसला नाही. पुढे अंदाज असा निघाला की त्यांचा आजार बहुतेकदा बाहेरच्या आघातातून येतो, उगाळण्यातून कमी. नंतरच्या एका चाचणीत लहानपणी छळ सोसलेल्यांनाच स्पष्ट फायदा दिसला. तेव्हा फायदा कुणाला होईल याची खरी खूण आजार किती वेळा आला ही, की लहानपणाचा इतिहास, यावर अजून एकमत नाही.

या भावाचं म्हणणं असं: "गोळ्यांपेक्षा चांगलं आहे का, तेवढं सांग." नाही. २०१५ साली इंग्लंडमधल्या ४२४ जणांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. निम्मे गोळ्या घेत राहिले, निम्म्यांनी एमबीसीटी केलं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या हळूहळू कमी करत नेल्या. दोन वर्षांत आजार उलटला तो पहिल्या गटात ४७ टक्के, दुसऱ्यात ४४ टक्के. म्हणजे बरोबरीच. ज्यांना गोळ्या नकोत त्यांना दुसरी वाट आहे, एवढं यातून कळतं. पण नेदरलँड्समधल्या चाचणीत सगळ्यांनीच एमबीसीटी केलं होतं. त्यानंतर ज्यांना गोळ्या थांबवायला सांगितलं त्यांच्यापैकी ५४ टक्क्यांचा आजार उलटला. ज्यांनी चालू ठेवल्या त्यांच्यातला ३९ टक्क्यांचा. दोन्ही चाचण्या शेजारी ठेवल्या की दिसतं, ध्यान करूनही गोळ्या सोडण्याला किंमत असू शकते, आणि दोन्ही एकत्र घेणं हा उत्तम पर्याय असू शकतो. आपल्याकडचा वाद मात्र "ध्यान की गोळ्या" असाच मांडला जातो, आणि कुठली तरी एक बाजू घ्यावीच लागते. त्यात बळी रुग्णाचा जातो.

सासऱ्यांचं अर्धं बरोबर आहे. या पद्धतीतलं ध्यान बौद्ध परंपरेतून आलं आहे, आणि विपश्यनेशी त्याचं नातं आहे. पण इगतपुरीत दहा दिवस मौन, दिवसाला दहाएक तास बैठक. नैराश्याच्या विचारांची उकल, उलटण्याच्या खुणांची यादी, गोळ्यांचं नियोजन हे त्यात नसतं, आणि तो त्या शिबिराचा हेतूही नाही. तिथल्या अर्जात मानसिक आजाराबद्दल आणि औषधांबद्दल विचारतात. तो रकाना रिकामा सोडून जाणारे मला माहीत आहेत. हे करू नये. शिवाय लहानपणी फार सोसलेल्या माणसाला तासन्‌तास डोळे मिटून अंगाकडे लक्ष देताना जुनं काहीतरी एकदम वर येऊ शकतं. आमच्या गटात अशा वेळी डोळे उघडायला सांगतो, पाय जमिनीवर टेकवायला, हवं तर चालायला. त्यासाठी गट घेणाऱ्याला नैराश्य कळायला हवं आणि त्याचा स्वतःचा सरावही हवा.

इथलं सगळं आलबेल आहे असंही नाही. वाट बघावी लागते, आणि अमुक गावात गट असेलच याची हमी नाही. आणखी एक गोष्ट मला दरवेळी जाणवते. सातव्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या आजाराच्या पहिल्या खुणा लिहायच्या असतात: पहाटे चारला जाग येणं, फोन न उचलणं, दाढी न करणं. मग लिहायचं, हे दिसलं तर कोण काय करेल. त्या "कोण"च्या जागी इथली कित्येक माणसं थांबतात, कारण लिहायला नावच नसतं. तुमच्या घरात सासू-सासरे, तू, मुलं आहेत. तुमची अडचण उलटी: नजर फार. तुझा नवरा तासभर गप्प बसला की "परत सुरू झालं का?" हे चौघांनी चार वेळा विचारायचं. मग माणूस खुणा लपवायला शिकतो.

तेव्हा तुला सांगते. गोळ्यांचं आधी त्याच्या डॉक्टरांशी बोला. बंद करायच्याच असल्या तर त्यांच्या वेळापत्रकाने, महिन्या-महिन्याने कमी करत. वर्षभर छान म्हणतेस, पण झोप, भूक, कामातलं मन हे पूर्ण परत आलं आहे का, ते विचार. थोडा त्रास अजून रेंगाळत असेल, तर हा उपचार अशांनाच जास्त उपयोगी पडतो असं दिसलं आहे. शिकवणारा शोधताना तीन गोष्टी विचारा: नैराश्याच्या रुग्णांबरोबर काम केलंय का, आठ आठवड्यांचा पूर्ण क्रम घेता का, आणि मधेच आजार बळावला तर काय करता. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तर तिथे जाऊ नका.

खुणांचा कागद मात्र या आठवड्यातच करता येईल. तो त्याने स्वतः लिहावा, आणि चौघांपैकी विचारायचं कुणी तेही त्यानेच ठरवावं. इतरांनी विचारायचं नाही, सासऱ्यांनीसुद्धा.